‘प्रीपोन’ राहू द्या, ‘रिव्हर्ट’ काढा

भारतीय कचेऱ्यांतल्या इंग्रजीला नावं ठेवणाऱ्यांची एक ठरलेली यादी असते. प्रीपोन, रिव्हर्ट बॅक, आउट ऑफ स्टेशन, डू द नीडफुल, टुडे इटसेल्फ. प्रशिक्षणाच्या वर्गात ती दोन रकान्यांत पडद्यावर येते, डावीकडे ‘चूक’ आणि उजवीकडे ‘बरोबर’. नोकरीला नुकतीच लागलेली मुलं ती उतरवून घेतात आणि पुढे कित्येक वर्षं ‘प्रीपोन’ म्हणताना जीभ चावतात. माझा आक्षेप असा, की ही यादी सगळ्या शब्दांना एकाच काठीने हाकते. यातले काही शब्द परदेशी वाचकाला फक्त अनोळखी असतात. काही मात्र त्याच्या चांगल्या ओळखीचे असतात, पण त्याच्याकडे त्यांचा अर्थ वेगळा असतो. अनोळखी शब्द दिसला की वाचक थांबतो, संदर्भ पाहतो, नाहीतर विचारतो. ओळखीच्या शब्दाशी तो थांबत नाही, मनातला अर्थ धरून कामाला लागतो. निस्तरायला जड जातं ते हे दुसऱ्या प्रकारचं. म्हणून यादी करायचीच तर ती लाजेच्या क्रमाने न करता नुकसानीच्या क्रमाने करावी.

सगळ्यात जास्त बोलणी ‘प्रीपोन’ने खाल्ली आहेत आणि त्याचा अपराध सगळ्यात लहान आहे. हा शब्द भारतीयांनी इंग्रजी न कळून बनवला, असा एक पक्का समज आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात त्याची नोंद पाहिली तर वेगळंच दिसतं. ‘समोर ठेवणे’ अशा अर्थाने तो सोळाव्या शतकात वापरला गेला होता. ‘ठरल्या वेळेच्या आधी आणणे’ या आजच्या अर्थाने तो १९१३ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलेल्या एका वाचकपत्रात भेटतो. ‘पोस्टपोन’ला जोडीदार हवा म्हणून पत्रलेखकाने तो सुचवला होता. अमेरिकेत तो रुजला नाही, आपल्याकडे रुजला. घडणही सरळ आहे. ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘प्री’ म्हणजे आधी, आणि उरलेला भाग ‘ठेवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूचा. ‘पोस्टपोन’ माहीत असलेल्या कोणालाही ‘प्रीपोन’चा अंदाज बांधता येतो. वाचक फार तर भुवई उंचावेल, पण चुकीच्या दिवशी येणार नाही.

उजव्या रकान्यातल्या पर्यायांबद्दल एवढं छातीठोकपणे सांगता येत नाही. ‘रीशेड्यूल’ हा सर्वांत लाडका पर्याय. तो सभ्य वाटतो, पण बैठक आधी आली की नंतर गेली हे सांगतच नाही. म्हणजे ‘प्रीपोन’मध्ये असलेली माहिती आपण शिष्टाचारापायी काढून टाकतो. ‘मूव्ह फॉरवर्ड’ तर त्याहून वाईट. बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ केली, तर ती कोणत्या दिवशी होईल, हा प्रश्न लेरा बोरोडिट्स्की आणि इतर अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्या लोकांना विचारून पाहिला आहे. उत्तरं साधारण निम्मी-निम्मी विभागली जातात. निम्मे सोमवार म्हणतात, निम्मे शुक्रवार. काळ आपल्याकडे चालत येतो असं मनात असेल तर सोमवार, आपण काळातून पुढे चाललो आहोत असं वाटत असेल तर शुक्रवार. मराठी माणसासाठी इथे आणखी एक खड्डा आहे. आपल्याकडे बैठक ‘पुढे गेली’ म्हणजे नक्की लांबणीवर पडली. तोच ‘पुढे’ मनात धरून कोणी ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ लिहिलं आणि वाचकाने त्याचा अर्थ ‘अलीकडे आणली’ असा घेतला, तर दोघांचंही इंग्रजी निर्दोष आणि बैठक मात्र एकाच्याच हजेरीत.

‘ब्रिंग फॉरवर्ड’ त्यातल्या त्यात स्पष्ट आहे आणि ब्रिटिश वाचकाला ते सहज कळतं. पण आपले परदेशी वाचक म्हणजे काही फक्त इंग्रज आणि अमेरिकन नाहीत. जपान, जर्मनी, ब्राझीलमधल्या ग्राहकालाही इंग्रजी शिकूनच येतं, आणि साध्या क्रियापदाला फॉरवर्ड, बॅक, अप, ऑफ असली शेपटं लागली की शिकलेल्या माणसाला ती जड जातात. त्यामुळे या शब्दाच्या जागी तो शब्द, असा शोध घेण्यातच अर्थ नाही. नवा दिवस आणि जुना दिवस दोन्ही लिहिले की क्रियापद कोणतंही चालतं. ‘द मिटिंग इज नाऊ ऑन ट्यूजडे, इन्स्टेड ऑफ थर्सडे’ या वाक्यात दिशा सांगणारा एकही शब्द नाही, आणि तरी शंकेला जागा उरत नाही. भारतातल्या भारतात मेल जात असेल तर ‘प्रीपोन’ खुशाल लिहावं. एका शब्दात काम होतं.

आता ‘रिव्हर्ट’. या शब्दावर हसणारे सहसा ‘रिव्हर्ट बॅक’मधल्या ‘बॅक’वर हसतात. ‘रिव्हर्ट’मध्येच ‘परत’ आलं, मग ‘बॅक’ कशाला, ही तक्रार व्याकरणाच्या पेपरात शोभेल. ‘बॅक’ काढल्याने काहीच सुधारत नाही, कारण घोटाळा उरलेल्या शब्दात आहे. आपल्या कचेऱ्यांत ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे ‘उत्तर कळवा’. सिंगापूर आणि मलेशियातही हा वापर सर्रास चालतो, त्यामुळे तिकडच्या ग्राहकाशी काही अडत नाही. ब्रिटन-अमेरिकेत मात्र ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वीच्या स्थितीला जाणे. भाडेपट्टा संपला की मालमत्ता मूळ मालकाकडे ‘रिव्हर्ट’ होते. सुधारलेला माणूस जुन्या सवयींकडे ‘रिव्हर्ट’ होतो. इंग्रजी शिकलेल्या जर्मन वाचकाने शब्दकोश उघडला तर त्याला सगळ्यात आधी हाच अर्थ दिसेल.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात तर ‘रिव्हर्ट’ ही चक्क आज्ञा आहे. प्रोग्रामचा कोड सांभाळणाऱ्या गिट या प्रणालीत ती अशी दिली जाते:

```
git revert HEAD
```

ही ओळ दिली की सगळ्यात शेवटी नोंदवलेला बदल उलटवणारी एक नवी नोंद तयार होते, म्हणजे तो बदल रद्द होतो. गिटहबवर तर एकदा स्वीकारलेला बदल मागे घ्यायला या नावाचं बटणच आहे. आता कल्पना करा, पुण्यातल्या परीक्षकाने अमेरिकेतल्या प्रोग्रामरला लिहिलं, की ‘तुमचा कालचा बदल तपासला, दोन प्रश्न खाली दिले आहेत, प्लीज रिव्हर्ट’. परीक्षकाला प्रश्नांची उत्तरं हवी आहेत. प्रोग्रामरला वाटतं, बदल नापसंत झाला, मागे घ्या म्हणताहेत. तो निमूटपणे बदल मागे घेतो. यात कोणी चिडत नाही, कोणी प्रश्न विचारत नाही, आणि म्हणूनच चूक लगेच लक्षात येत नाही. भारतात सकाळ होते तेव्हा चालू असलेली सोय बंद पडलेली असते आणि प्रश्न जागच्या जागी असतात.

दरांच्या वाटाघाटीतही हेच होतं. ‘आम्ही नवे दर पाठवले आहेत, प्लीज रिव्हर्ट ऑन द प्राइस’ हे वाक्य वाचून ब्रिटिश खरेदी अधिकाऱ्याला वाटू शकतं, की विक्रेता जुन्या किमतीवर परत जाण्याबद्दल बोलतो आहे. जिथे ‘आधीची स्थिती’ अशी काहीतरी गोष्ट अस्तित्वात आहे, म्हणजे कोड, दर, कराराचा मसुदा, यंत्राची मांडणी, तिथे ‘रिव्हर्ट’ हमखास दुहेरी बोलतो. जिथे तशी काही गोष्टच नाही, उदाहरणार्थ जेवणाला येणार का असं विचारताना, तिथे तो फक्त विचित्र वाटतो. माझ्या मते परदेशी पत्रव्यवहारातून सरसकट काढून टाकावा असा या यादीतला शब्द हा एकच. ‘रिप्लाय’ हा साधा शब्द सगळ्यांना येतो. ‘गेट बॅक टू मी’ही चालेल, पण त्याला तारीख जोडलेली नसते. ‘प्लीज रिप्लाय बाय फ्रायडे’ यात काम आणि मुदत दोन्ही येतात.

‘आउट ऑफ स्टेशन’ची गोष्ट तिसऱ्याच प्रकारची आहे. इंग्रजांच्या काळात अधिकाऱ्याची नेमणूक ज्या ठिकाणी, ते त्याचं स्टेशन. सिव्हिल स्टेशन, हिल स्टेशन हे शब्द त्यातूनच आले. सरकारी नोकरीत आजही मुख्यालय सोडण्याची परवानगी लागते आणि तिला इंग्रजीत ‘स्टेशन लीव्ह’ म्हणतात. बँकांनी परगावच्या चेकला ‘आउटस्टेशन चेक’ म्हटलं, टॅक्सीवाल्यांनी शहराबाहेरच्या फेरीला ‘आउटस्टेशन’ म्हटलं. थोडक्यात, हा शब्द आपल्या प्रशासनाच्या रचनेतून आला आहे आणि ती रचना ज्याने पाहिली नाही त्याला रेल्वे स्टेशन, पोलीस स्टेशन नाहीतर आकाशवाणी केंद्र आठवणार. तरीही संदर्भावरून ‘हा माणूस गावात नाही’ एवढं त्याला कळतं. गैरसमज फारसा होत नाही.

अडचण अशी, की नीट कळलं तरी त्याच्या हाती काही लागत नाही. ज्या काळी गाव सोडलं की माणूस टपाल आणि टेलिफोन दोन्हींच्या पलीकडे जायचा, त्या काळी ‘बाहेरगावी आहेत’ एवढं पुरेसं होतं. आज नाशिकला लग्नाला गेलेला माणूस फोनवरून मेल पाहतो आणि स्वतःच्या घरी, त्याच शहरात, आजारी पडलेला माणूस पाहत नाही. तुम्ही कोणत्या गावात आहात याच्याशी ग्राहकाला कर्तव्य नाही. त्याला हवं आहे ते हे, की तुम्ही कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत उत्तर देणार नाही, तेवढ्यात काही अडलं तर कोणाला लिहायचं, आणि त्या माणसाला या कामाची माहिती आहे का. यातली शेवटची बाब बहुतेकांकडून राहून जाते. बदली माणसाचं नाव दिलेलं असतं, पण त्याला कोणी काही सांगितलेलं नसतं. शब्द बदलून ‘आउट ऑफ ऑफिस’ लिहिलं तरी हे सगळं अनुत्तरितच राहतं. उलट घरून काम करणाऱ्यांच्या काळात ‘ऑफिसबाहेर’ म्हणजे सुट्टी की घरून काम, हा एक नवा प्रश्न त्यातून निघतो.

हे तिन्ही प्रकार एकाच मेलमध्ये आले तर काय होतं ते पाहू. समजा, पुण्याची एक कंपनी शिकागोच्या ग्राहकाचं काम करते. गुरुवारी १२ जून २०२५ रोजी आढावा बैठक ठरली आहे, ती मंगळवारी १० जूनला घ्यायची आहे. मेल असा जातो: ‘डिअर सर, थर्सडेज रिव्ह्यू इज प्रीपोन्ड टू १०/०६ ॲट ६:३० पीएम आयएसटी ॲज आय विल बी आउट ऑफ स्टेशन. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक.’

भारतीय वाचकाला यात काहीच खटकणार नाही. शिकागोचा वाचक ‘प्रीपोन’पाशी जरा अडखळेल आणि सावरेल. पुढे १०/०६ येतं. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे हे त्याला ६ ऑक्टोबर वाटेल. जून महिना चालू असल्याने बहुधा तो चूक ओळखेल. ‘प्रीपोन’चा अंदाज बरोबर बांधला असेल तर नक्कीच ओळखेल, पण बैठक चार महिने पुढे गेली असं समजणाराही एखादा निघतो. मग ‘आयएसटी’. भारतीय प्रमाणवेळेला हे नाव आहे, तसंच ते आयर्लंडच्या उन्हाळी वेळेला आणि इस्रायलच्या प्रमाणवेळेलाही आहे. शिकागोच्या माणसाला पुण्याची कंपनी माहीत असल्याने तो बरोबर अर्थ लावेल, पण याच मेलची प्रत डब्लिनच्या कचेरीत गेली असेल तर तिथला वाचक ६:३० ही आपलीच वेळ समजेल आणि बैठक सुरू झाल्यावर साडेचार तासांनी हजर होईल. ‘डू द नीडफुल’ हा जुना ब्रिटिश वाक्प्रचार. ब्रिटनमध्ये तो जवळजवळ विस्मरणात गेला, आपल्याकडे टिकून राहिला. तो जुना आहे ही तक्रार नव्हे. जे करायचं ते कोणतं, हेच तो सांगत नाही. बैठकीची वेळ फक्त मान्य करायची, कॅलेंडरवरचं आमंत्रण बदलायचं, की आपल्या बाजूच्या तिघांना कळवायचं? प्रत्येक जण समजतो, दुसरा करेल. शेवटी ‘रिव्हर्ट बॅक’ येतं. बैठकीची वेळ नुकतीच बदललेली असताना ‘रिव्हर्ट’ म्हणजे ‘पूर्वीच्या वेळेवर परत जा’ असाही अर्थ निघतो, म्हणजे ज्या मेलने बैठक हलवली तोच मेल ती परत जागेवर ठेवायला सांगतो आहे असं वाटू शकतं.

हाच मेल असा लिहिता येतो: ‘द रिव्ह्यू इज नाऊ ऑन ट्यूजडे, १० जून, ॲट ८:०० एएम शिकागो टाइम, ६:३० पीएम इंडिया टाइम, इन्स्टेड ऑफ थर्सडे, १२ जून. प्लीज टेल युवर टीम, अँड रिप्लाय बाय फ्रायडे, ६ जून, टू कन्फर्म. आय विल नॉट बी रीडिंग मेल फ्रॉम ११ टू १३ जून.’ त्याखाली त्या तीन दिवसांसाठी सहकाऱ्याचं नाव. यातला एकही शब्द शाळेच्या इंग्रजीपलीकडचा नाही. महिना अक्षरांत आला, वार आला, वाचकाची वेळ आधी आली. वार आणि तारीख दोन्ही लिहिण्याचा फायदा असा, की टंकताना एक चुकलं तर दोन्ही जुळत नाहीत आणि वाचक विचारतो.

वेळेच्या हिशेबात एक गोष्ट मात्र पाठ करून चालत नाही. जूनमध्ये शिकागो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेअकरा. अमेरिका घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे करते. युरोप तेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतो. आपण करतच नाही. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एखादा आठवडा असा येतो, की अमेरिका आणि युरोप यांच्यातलं नेहमीचं अंतरही बदललेलं असतं. तिन्हीकडची माणसं बैठकीला येणार असतील तर कॅलेंडरचं आमंत्रणच पाठवावं, ते वेळ आपोआप फिरवतं, आणि मेलमधली वेळ त्या आमंत्रणावरून उतरवावी. बैठक हलवली की आमंत्रणही हलवावं. मेलमध्ये मंगळवार आणि कॅलेंडरवर गुरुवार असेल, तर माणसं कॅलेंडरवर विश्वास ठेवतात.

यावर एक हरकत घेतली जाते आणि ती रास्त आहे. तडजोड आपणच का करायची? अमेरिकन माणूस ‘टच बेस’, ‘बॉलपार्क फिगर’ असले बेसबॉलमधले शब्द बिनदिक्कत फेकतो, आणि ते आपण शिकून घेतो. ‘टेबल’ हे क्रियापद घ्या. एखादा मुद्दा ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणे आणि अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांत यावरून बराच वेळ वाद झाला, आणि दोघांना एकच गोष्ट हवी होती, असं चर्चिल यांनी नोंदवून ठेवलं आहे. तेव्हा दुसऱ्याला न कळणारं इंग्रजी लिहिण्याचा मक्ता काही भारतीयांकडे नाही. हे सगळं मान्य. पण मेल लिहिणाऱ्याला काम करवून घ्यायचं असतं, आणि ज्याला काम करवून घ्यायचं त्याने वाचकाच्या बाजूने लिहावं, मग तो पुण्यात बसलेला असो की बोस्टनमध्ये. उलट बाजूने ‘लेट्स टेबल धिस’ आलं तर ‘म्हणजे आज चर्चा करायची की नंतर?’ असं विचारायला आपणही संकोचू नये. आपल्याकडे तो संकोच फार आहे. इंग्रजी कळलं नाही असं दिसेल, या भीतीने माणसं न विचारता अंदाजाने काम करतात.

या निकषावर यादीतले बाकीचे शब्द झटपट निकालात निघतात. ‘काइंडली’ परदेशी कानाला जुनाट, कधी दटावल्यासारखं वाटतं. ‘प्लीज’ लिहावं, पण कोणी ‘काइंडली’ लिहिलं म्हणून काम अडत नाही. ‘टुडे इटसेल्फ’ला तर कोणी बोटही लावू नये. वरच्या यादीत नसलेलं ‘आय हॅव अ डाउट’ मात्र ‘रिव्हर्ट’च्या जातीचं आहे. आपल्याला शंका विचारायची असते, ग्राहकाला वाटतं की त्याच्या म्हणण्यावर अविश्वास दाखवला जातो आहे. तिथे ‘क्वेश्चन’ हा शब्द हवा, आणि तो बदल आजच करावा.

एखादा शब्द नेमका कोणत्या गटातला, हे परत आलेल्या उत्तरावरून ओळखता येतं. ग्राहक ‘सो यू मीन’ अशी सुरुवात करून आपलंच वाक्य त्याच्या शब्दांत परत लिहून पाठवत असेल, तर शब्द अनोळखी होता आणि नुकसान एका फेरीचं. ग्राहकाने न विचारलेलं काम केलं, किंवा विचारलेल्या प्रश्नाला बगल देऊन दुसऱ्याच गोष्टीचं उत्तर दिलं, तर शब्द ओळखीचा पण वेगळ्या अर्थाचा होता. असे दोन-चार मेल शोधून त्यातलं वाक्य कोणतं होतं ते पाहिलं, तर प्रत्येक कचेरीला स्वतःची यादी मिळते आणि ती प्रशिक्षणातल्या यादीपेक्षा बरीच आखूड निघते.

बदल कुठून सुरू करायचा, याबद्दलही माझं मत वेगळं आहे. एकेका कर्मचाऱ्याची जीभ सुधारत बसण्यापेक्षा कचेरीतले तयार मजकूर आधी उघडावेत. तक्रार नोंदवली की आपोआप जाणारी पोच, रजेवरचं ठरावीक उत्तर, दरपत्रकासोबतचं पत्र, थकबाकीची आठवण. हे मजकूर कोणीतरी कधीकाळी लिहिलेले असतात, रोज पाठवले जातात आणि नव्याने आलेला माणूस कचेरीचं इंग्रजी त्यांच्यावरूनच शिकतो. ‘वुई विल रिव्हर्ट शॉर्टली’ ही ओळ त्यात जवळजवळ हमखास सापडते. तिच्या जागी ‘वुई विल रिप्लाय विदिन टू वर्किंग डेज’ घालायला एका माणसाची दुपार पुरते. दोन दिवसांचा शब्द पाळता येईल का, हे मात्र आधी काम करणाऱ्या टीमला विचारून घ्यावं लागेल.